बारा पाडवे

इस्लामपूरच्या कोर्टासमोर चांदसाहेब मुजावर वकिलांची खोली होती आणि त्या खोलीत कायद्याच्या पुस्तकांपेक्षा पंचांगंच जास्त होती. नवखा पक्षकार आत आला की बुचकळ्यात पडायचा. दारावर पाटी वकिलाची, खुर्चीत बसलेला माणूस दर्ग्याच्या मुजावराच्या घरातला आणि मागच्या फळीवर तीस-पस्तीस वर्षांच्या जुन्या पंचांगांची चळत. एखादा खवचट विचारायचाच, "मुहूर्तबी काढता काय वकीलसाहेब?" त्यावर चांदसाहेबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "काढत नाही. टळलेले सांगतो."

थट्टा बाजूला ठेवली तर त्यात खोटं काही नव्हतं. वाळवा तालुक्यातला माणूस दिवाणी कोर्टात यायचा तो बांधाचं, विहिरीचं, भाऊबंदकीचं भांडण घेऊन. हे कधी झालं म्हणून विचारलं की तो सांगणार, "आमची थोरली म्हस मेली न्हवं का, त्या सालच्या बेंदराला." कोर्टाला थोरल्या म्हशीचं सोयरसुतक नव्हतं. कोर्टाला तारीख, महिना, इंग्रजी साल लागे. मग चांदसाहेब म्हशीवरून बेंदराचा सण, सणावरून शक, शकावरून पंचांग आणि पंचांगावरून तारीख काढत बसायचे. निम्मी वकिली त्यातच जायची. पक्षकार रडत आला तरी ते आधी तारखा विचारायचे आणि तारखा कागदावर उतरेपर्यंत दाव्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. बाररूममधले इतर वकील त्यांना तारीखमास्तर म्हणायचे. चांदसाहेबांना त्याचा राग येत नसे, उलट बरं वाटायचं.

दुसरीही एक खोड त्यांना होती आणि ती जास्त महागात पडली होती. दावा बुडीत असला तर ते तोंडावर सांगायचे. गोड बोलून दावा लावावा, चार वर्षं तारखांवर तारखा घ्याव्यात आणि निकालाच्या दिवशी नशिबाला बोल लावावा, ही धंद्यातली रीत त्यांना कधी साधली नाही. त्यामुळे सांगलीला वकिलीची परीक्षा देऊन आलेल्याला पंचवीस वर्षं झाली तरी घर कौलाचं ते कौलाचंच राहिलं. त्यांची बायको जन्नतबी हे अधूनमधून बोलून दाखवायची आणि ते ऐकून घ्यायचे. खरं सांगणं सोपं आहे, सांगून मोकळं होता येतं, असं त्यांचं मत होतं. हे मत एकोणीसशे शेहेचाळीसच्या मार्चपर्यंत टिकलं.

रंगपंचमी होऊन दोन-तीन दिवस झाले होते. सोमवार होता. कोर्ट भरायच्या आधी एक बाई आणि तिचा मुलगा खोलीच्या पायऱ्या चढून वर आले. बाईचं वय पंचेचाळीसच्या आसपास, कपाळ मोकळं, लुगडं जुनं पण धुतलेलं. मुलगा पंचविशीपुढचा, फौजेतून नुकताच सुटून आलेला. अंगात घरचा सदरा होता तरी चालणं अजून पलटणीचंच होतं. चांदसाहेबांनी बसा म्हटल्यावर तो उभाच राहिला, मग आईनं सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं.

"मी हरणाबाई," बाई म्हणाली. "ह्यो माझा ल्योक सिद्धू. मराठा पलटनीत हुता, इटलीत लढला. माज्या म्हायेरच्या रानाचा दावा लावायचाय. मुदत हाय अजून, तेवढं बगून आलोय आमी."

मुदत आहे, असं पक्षकारानं स्वतःहून सांगितलेलं चांदसाहेब पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी टाक उचलला आणि कोरा कागद पुढं ओढला.

"आधी तारखा," ते म्हणाले. "रान कुणाचं?"

हरणाबाईनं सांगितलं ते असं. तिचा बाप सयाजी, इस्लामपूरपासून दोन कोसांवरच्या गावचा. तो आपल्या भावापासून वाटण्या करून वेगळा झालेला होता. त्याला मुलगा नव्हता, बायको आधीच गेली होती. तो वारला तेव्हा त्याचं पाच एकर रान त्याच्या एकुलत्या एका पोरीच्या, म्हणजे हरणाबाईच्या नावावर चढलं. ती नांदायला कराडकडं. तिथून येऊन रान कसणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं ते आपल्या चुलतभावाला, नाथाजीला करायला दिलं. कागद नाही, काही नाही. दर पाडव्याला नाथाजी नारळ, पानसुपारी आणि पिकातला वाटा घेऊन बहिणीच्या दारात यायचा आणि म्हणायचा, "बाई, यंदाबी करू का तुजं रान?" ती म्हणायची, "कर की दादा." एवढ्यावर एक वर्ष चालायचं.

चांदसाहेब लिहिता लिहिता मान हलवत होते. "म्हणजे तोवर तो तुमच्या मर्जीनं रानात होता. ती वर्षं त्याच्या बाजूनं धरायची नाहीत. मालकाच्या परवानगीनं कुणी शंभर वर्षं राहिला तरी तो मालक होत नाही. पुढं?"

"पुढं एका पाडव्याला त्यो आलाच न्हाई," हरणाबाई म्हणाली. "मी वाट बघितली. दिवस कासराभर वर आला तसं मालकांनी बैलगाडी जुपली आनि आमी दोगं गावात गेलो. तर नाथादादा मारुतीच्या देवळाफुडं बसल्याला. गाव सगळा गुढ्या उभारून तिथंच. मी इच्यारलं, दादा, आला न्हाईस? तर चारचौघांत उठला आनि म्हनला, रान माज्या आज्याचं हाय, पोरीच्या जातीचा त्यात काय संबंद? आजपास्नं रान माजं. पाऊल टाकलंस तर तंगडं मोडीन. आनि त्याच उन्हाळ्यात त्यानं तिथं हीर पाडली."

"सारा कोण भरतं?"

"त्योच भरतोय तवापास्नं."

"कुठला पाडवा हा?"

हरणाबाईनं तयारी केलेली होती. पदराच्या गाठीतून तिनं एक घडी पडलेला कागद काढला. त्या पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्यानं तिला पोलीस कचेरीत नेलं होतं. तिथं लिहून घेतलेला अर्ज, खाली तिचा अंगठा आणि कडेला फौजदाराचा शेरा: बाब दिवाणी आहे, कोर्टात जावे. नाथाजीलाही तेव्हा बोलावून त्याचा जबाब घेतला होता, रान माझं म्हणून त्यानं तिथंही सांगितलं होतं. अर्जावर तारीख होती सतरा मार्च एकोणीसशे चौतीस आणि मजकुरात, काल पाडव्याच्या दिवशी.

चांदसाहेबांना खरं म्हणजे पंचांग उघडायची गरज उरली नव्हती. तरी सवयीनं त्यांनी शके अठराशे छप्पनचं पंचांग काढलं. चैत्र शुद्ध प्रतिपदा, सोळा मार्च. त्यांनी ते लिहिलं. मग बोट खाली नेलं, बारा वर्षं पुढची तारीख मनातल्या मनात मांडली आणि टाक दौतीत बुडवून तसाच धरून बसले.

"ह्या सालचा पाडवा कधी म्हणता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"यायचाय अजून," हरणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात थोडी ऐट होती. "म्हनून तर म्हनलं, मुदत हाय. देवळाफुडं त्या दिशी आमच्या गावचा म्हातारा पाटील बोलला हुता मला. पोरी, बारा पाडव्यांच्या आत कोर्टात जा, मग तुजं रान तुला गावंल. मी धरून ठिवलं मनात. पयला पाडवा गेला, दुसरा गेला. मालक गेले तवाबी मोजत हुते. हा बारावा पाडवा, त्यो अजून आठ-नऊ दिसांनी हाय. इचारा ह्याला."

सिद्धूनं मान डोलावली.

तिथं चांदसाहेबांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आपली खोड मोडली. त्यांनी टाक ठेवला, कागद उलटा घातला आणि म्हणाले, "उद्या या. मला पुस्तकं बघावी लागतील."

पुस्तकं बघायची काही गरज नव्हती, उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. जमिनीच्या कब्जाचा दावा, बारा वर्षं, ज्या दिवशी समोरच्यानं मालकाविरुद्ध उघडपणे कब्जा धरला त्या दिवसापासून. तो दिवस सोडून मोजायचं. वर्ष इंग्रजी. सोळा मार्च चौतीसला सुरू झालेली मुदत सोळा मार्च शेहेचाळीसला संपली. आज पंचवीस मार्च होती. पाडवा तीन एप्रिलला होता, पण पाडव्याला कायद्यात काही किंमत नव्हती. त्या साली पाडवा लवकर आला होता, यंदा अधिक मासांच्या फेऱ्यात उशिरा पडत होता. आमची सगळी देणीघेणी, सालगडी, खंड, वाटा पाडव्यापासून पाडव्यापर्यंत चालतात आणि आमच्या माणसांना वर्ष म्हटलं की तेच ठाऊक असतं. एखाद्या साली पाडवा अलीकडं येतो, एखाद्या साली पलीकडं जातो, आणि कुणाचं काही बिघडत नाही. ह्या बाईचं बिघडलं होतं. बारा वर्षं ती चुकीच्या घड्याळावर बसली होती आणि घड्याळ चुकीचं आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या पाटलाला तरी कुठं माहीत होतं.

त्या दिवशी कोर्टातली कामं त्यांनी कशीबशी उरकली आणि उन्हं उतरल्यावर खोलीत येऊन मुदतीचा कायदा पुढ्यात घेतला. आता एकेक दार ते हलवून बघणार होते.

शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असलं तर उघडेल त्या दिवशी दावा घालता येतो. सोळा तारखेला शनिवार होता आणि त्या दिवशी चांदसाहेब स्वतः दुपारपर्यंत मुन्सफासमोर उभे होते. कोर्ट उघडं होतं. ते दार बंद.

मुदतीच्या आत समोरच्यानं सहीनिशी लेखी कबुली दिली असेल की रान तुझं आहे, तर त्या दिवसापासून नवी बारा वर्षं लागतात. नाथाजी लिहिणाऱ्यातला नव्हता आणि असता तरी असली कबुली देणाऱ्यातला नव्हता. तेही बंद.

मालक अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यावर सवलत मिळते. चौतीस साली सिद्धू पोरगा होता खरा, पण मालक तो नव्हता, आई होती. आई तेव्हाही सज्ञानच होती.

आणि मग एका जुन्या पुस्तकात त्यांना शिपायांचा कायदा सापडला. एकोणीसशे पंचवीसचा, हिंदी शिपायांच्या दाव्यांबद्दलचा. दाव्यातला पक्षकार शिपाई असेल किंवा पूर्वी असेल, तर तो लढाईच्या परिस्थितीत नोकरीवर असलेला काळ मुदतीतून वगळायचा. सिद्धू चाळीस साली गेला, आफ्रिका, मग इटली. वर्षंच्या वर्षं वगळली जातील. चांदसाहेब खुर्चीतून उठलेच. खोलीत दोन येरझाऱ्या घातल्या. मग पुन्हा बसून तेच कलम सावकाश वाचलं, आणि पक्षकार ह्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. दावा कुणाचा? हरणाबाईचा. हरणाबाई कधी लढाईवर गेली नव्हती.

एकच फट उरत होती. हरणाबाईनं मधल्या काळात रान पोराच्या नावावर रीतसर कागदानं करून दिलं असेल, तर मालक सिद्धू, दावा सिद्धूचा, आणि वाद घालायला जागा होती. तेवढा एक प्रश्न त्यांनी उद्यासाठी ठेवला. घरी जेवताना त्यांचा घास हातातच राहतोय हे बघून जन्नतबीनं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, एका बाईला एक प्रश्न विचारायचाय, आणि तिनं हो म्हणावं असं वाटतंय. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मायलेक वेळेआधीच येऊन पायरीवर बसले होते. आज सिद्धू आपल्या फौजेच्या नोकरीचे कागद घेऊन आला होता. कुणीतरी गावात त्याला सांगितलं होतं की फौजेतल्या माणसाची मुदत थांबते. तो ते कागद चांदसाहेबांच्या पुढ्यात मोठ्या आशेनं ठेवू लागला. चांदसाहेबांनी ते उघडले नाहीत.

"हरणाबाई," ते म्हणाले, "एक विचारतो. हे रान तुम्ही ह्याच्या नावावर कधी करून दिलंत का? बक्षीसपत्र, काही?"

हरणाबाईनं मान हलवली. "न्हाई. ह्यो पलटनीत निगाला तवा आमच्या शेजारचा आप्पासो बोलला हुता. म्हनला, रान पोराच्या नावानं करून ठिव, दाव्याला बरं पडंल. मी न्हाई केलं."

"का?"

"लेकरू लढाईवर निगाल्यालं. तवा त्याच्या नावानं कागुद करायचा? माज्या जिवाला बरं वाटंना. म्हनलं, येऊ दे माघारी, मग हायच सगळं त्याचं."

ती आईच्या मायेनं बोलत होती आणि तिचं चुकलं असं म्हणायला जगातला कुठला माणूस धजला असता. त्यांनी कालचा कागद सुलटा केला.

"तुमची मुदत गेली," ते म्हणाले.

हरणाबाईला कळलं नाही. "पाडवा यायचाय की अजून."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दोन्ही सालांची पंचांगं पुढ्यात ठेवली, शेजारी सरकारी दिनदर्शिका ठेवली. पाडव्यावर बोट ठेवलं, मार्चच्या सोळा तारखेवर बोट ठेवलं. कोर्टाचं वर्ष इंग्रजी महिन्यांनी चालतं, आपलं वर्ष अधिक महिन्यांनी पुढंमागं होतं, आणि ह्या खेपेला ते तुमच्यावर उलटलं. तिनं नीट ऐकून घेतलं. बाई हुशार होती. समजून घ्यायला तिला वेळ लागला नाही, आणि तेच बघणं चांदसाहेबांना जड गेलं. समजत नसलेल्या माणसाला निदान पुन्हा सांगता येतं.

"सोळा तारीक म्हंजे कंचा दिवस?" तिनं विचारलं.

"होळीच्या आदल्या दिवशीचा शनिवार."

हरणाबाईनं पोराकडं बघितलं. पोरानं खाली मान घातली. चांदसाहेबांनी काही विचारलं नव्हतं तरी तिनंच सांगितलं. सिद्धू होळीच्या आधी बुधवारी घरी आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून म्हणाला होता, आई, चल, इस्लामपूरला जाऊन वकील गाठू, मला निस्तं बसवत न्हाई. तिनंच त्याला बसवलं. सहा वर्षांनी लेक घरी आला होता. म्हणाली, होळीची पोळी खाऊन जा, रंगपंचमी होऊ दे, पाडवा काय उद्या हाय व्हय? शनिवारी ती दिवसभर पुरणाची तयारी करत होती. डाळ निवडली, गूळ चिरला. तिला मोठा आनंद झाला होता त्या दिवशी, असं ती म्हणाली.

"साहेब, त्यो पाडवा म्होरल्या सालचा हुता म्हनून सांगू," सिद्धू एकदम बोलला. "पस्तीस सालचा. देवळाफुडं कोन तारीक लिवून घेत हुतं?"

"पोलिसांनी घेतली," चांदसाहेब म्हणाले. "तुझ्या आईचा अंगठा आहे त्यावर. नाथाजीचा जबाब आहे. त्याचा वकील दोन्ही मागवील."

"आनि मला खोटं बोलवायचं न्हाई," हरणाबाई म्हणाली. "देवळाफुडं बोलला त्यो. सगळ्या गावानं ऐकलं."

"मग मी रानात नांगर घालतो. बगू कोन अडीवतं."

"तो तुला अडवील आणि कायदा त्याच्या बाजूनं राहील," चांदसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, आणि राग पोराचा नव्हता. "मुदत संपली की नुसता दावा बुडत नाही रे. हक्कच संपतो. सतरा तारखेपासून ते रान नाथाजीचं आहे. उताऱ्यावर तुझ्या आईचं नाव असलं तरी त्याचंच. नांगर घातलास तर परक्या माणसाच्या रानात घुसलास असं होईल आणि इटलीतून आलेला तू इथं खडी फोडायला जाशील."

सिद्धू उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. खाली कोर्टाच्या आवारात लोक जमायला लागले होते.

"एक विचारू का बाई," चांदसाहेब म्हणाले. हे वकिलानं विचारायचं कारण नव्हतं. "बारा वर्षं का थांबलात? पहिल्या साली आला असतात तर हा दावा दोन बैठकांचा होता."

हरणाबाईनं पोलिसांचा कागद घडी करून पुन्हा पदराला बांधला. मग म्हणाली, "नाथादादा दर नागपंचमीला गाडी धाडायचा मला न्यायला. रान घेतलं त्यानं, पर गाडी कवा चुकीवली न्हाई. वयनी लुगडं नेसवायची. मला दुसरं म्हायेर न्हाई. आई न्हाई, बाप न्हाई, पाठचा भाऊ न्हाई. दावा लावला आसता तर गाडी आली नसती. म्हनलं, ह्या साली जाऊन येते, म्होरल्या साली लावते. हातात बारा पाडवे हायती तवर घाई कशाला. मदी सरकाराइरुद लढणाऱ्या भूमिगतांचे पंच गावात निवाडा करत हुते, तवाबी लोक म्हनले, त्यांच्याकडं जा. मी न्हाई गेले. त्यांनी नाथादादाच्या तळपायावर काठ्या हानल्या आसत्या, ते मला बगवलं नसतं."

चांदसाहेबांच्या मनात आलं की नाथाजीला हे सगळं पक्कं ठाऊक होतं. एक लुगडं आणि एक दिवसाची गाडी, एवढ्यावर त्यानं बारा वर्षं काढली आणि पाच एकर रान पचवलं. मग असंही वाटलं की कदाचित नसेलही ठाऊक. कदाचित तो खरंच बहिणीला न्यायला गाडी धाडत असेल आणि खरंच रानही खात असेल. माणसाला दोन्ही जमतं. कोर्टात ह्यातलं काही सिद्ध करायची सोय नव्हती आणि करून उपयोगही नव्हता.

"त्याला भेटून बघा," ते म्हणाले. "गाडी धाडतो तो, थोडंबहुत देईलही. पण ते त्यानं दिलं तर. मागायचा अधिकार आता राहिलेला नाही."

हे सांगताना त्यांना स्वतःची लाज वाटली. पंचवीस वर्षं खरं सांगून मोकळा होणारा माणूस आज मोकळा होत नव्हता. त्यांना काहीतरी करायचं होतं आणि करण्यासारखं काहीही नव्हतं. फी नको एवढं ते म्हणू शकत होते, ते त्यांनी म्हटलं. हरणाबाईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे.

ती पोराचे कागद गोळा करत होती. ते घडी करता करता तिचा हात थांबला.

"वकीलसाहेब, तुमी मघाशी इचारलं, रान ह्याच्या नावावर केलं हुतं का. केलं आसतं तर?"

"तर दावा ह्याचा झाला असता. हा लढाईत होता ती वर्षं वगळली असती."

"म्हंजे शिपायाचं रान आसतं तर राहिलं आसतं."

"वाद घालता आला असता. मला वाटतं, राहिलं असतं."

हरणाबाई विचार करत होती. खिडकीपाशी उभ्या असलेल्या सिद्धूची पाठ तिच्याकडं होती. तिनं आवाज खाली आणला, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून.

"मग समजा, होळीच्या आदी मी मेले आसते. माज्या मागं रान ह्याचंच झालं आसतं न्हवं? एकुलता हाय त्यो."

चांदसाहेबांनी मान डोलावली.

"तवा त्यानं दावा लावला आसता तर?"

वकिलाला ह्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. आईमागं एकुलता लेक वारस, वारस शिपाई, लढाईची वर्षं वगळायची, मुदत शाबूत. कलम सरळ होतं, शंकेला फारशी जागा नव्हती. त्यांनी पंचांग मिटलं, पुन्हा उघडलं, चष्मा काढून पुसला. पक्षकाराला खरं सांगायचं, हा त्यांचा नेम होता आणि समोर बसलेली बाई खोटं ओळखण्याइतकी हुशार होती. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि उघड्या पानावर नजर ठेवली.

हरणाबाईनं थोडा वेळ वाट बघितली. मग तिनं मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी, आणि हळूच म्हणाली, "ह्याला सांगू नका तेवढं."

तिनं पोराला हाक मारली आणि दोघं पायऱ्या उतरून खाली गेले.